कट दिसला पाहिजे: स्टुडिओत अर्ज करणाऱ्या एडिटरची शोरील कशी बांधावी

गोव्यात लग्नाच्या फिल्म एडिट करणाऱ्यांना वर्षातून एकदाच थोडी उसंत मिळते, चवथ झाल्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत. त्याच दिवसांत फोंड्याजवळच्या कुर्टीचा एक एडिटर लॅपटॉप घेऊन माझ्याकडे पणजीला आला. चार वर्षं लग्नाचंच काम, अधूनमधून एखादी रिसॉर्टची जाहिरात. पणजीतल्या एका स्टुडिओत ज्युनिअर एडिटरची जागा निघाली होती. जाहिराती आणि छोटे माहितीपट करणारा स्टुडिओ. "ताई, पाठवायच्या आधी एकदा शोरील बघता का?" असं म्हणून त्याने ती लावली.

दोन मिनिटं पन्नास सेकंदांची रील. किल्ल्यावरून फिरणारा ड्रोन, स्लो मोशनमध्ये उडणारा घागरा, सूर्यास्त, फटाके, आणि प्रत्येक कट गाण्याच्या ठेक्यावर. संपल्यावर मी विचारलं, "शूटिंग कोणी केलंय? चांगलं आहे." तो गप्प झाला. एडिटिंगबद्दल मला विचारण्यासारखं काही सापडलंच नव्हतं, आणि ते त्याच्या लक्षात आलं.

लग्नाच्या कामातून येणाऱ्या बहुतेक एडिटरांच्या रीलमध्ये मला हीच अडचण दिसते. सुंदर शॉट हे कॅमेऱ्यामागच्या माणसाचं काम असतं. एडिटरचं काम दोन शॉट जिथे जुळतात तिथे असतं: किती वेळ थांबलात, आधी काय ऐकवलं, कोणाचा चेहरा दाखवला आणि कोणाचा दाखवला नाही. निवड करणाऱ्याला हे दिसावं अशी रील बांधायची. आम्ही तीन आठवडे बसून त्याची रील नव्याने केली. ती कशी केली ते इथे क्रमाने सांगते.

आधी जागा वाचा

जाहिरातीत 'एडिटर' लिहिलेलं असलं तरी काम काय आहे ते स्टुडिओने आधी केलेल्या पाचसहा गोष्टी बघितल्याशिवाय कळत नाही. आम्ही त्या स्टुडिओच्या फिल्म बघितल्या. तीस सेकंदांच्या जाहिराती होत्या, सात-आठ मिनिटांचे माहितीपट होते आणि त्यांत मुलाखती भरपूर होत्या. म्हणजे या माणसांना दोन गोष्टी हव्या असणार: कमी वेळात गोष्ट सांगता येणं, आणि बोलणाऱ्या माणसाचं फुटेज हाताळता येणं. त्याच्या रीलमध्ये एकही माणूस एक वाक्यसुद्धा बोलत नव्हता.

असिस्टंट एडिटरची जागा असेल तर हिशेब बदलतो. तिथे ट्रॅकना नावं दिलेल्या, नीट लावलेल्या टाइमलाइनचा एक स्क्रीनशॉट आणि फुटेजचे फोल्डर कसे ठेवता याच्या चार ओळी पुष्कळ बोलतात. रील त्या जागेसाठी दुय्यम.

मूळ फाइल शोधा

पहिला आठवडा यातच गेला. त्याच्याकडे अकरा पूर्ण फिल्म होत्या: आठ लग्नं, रिसॉर्टची एक जाहिरात, रायबंदर ते चोडण फेरीबोटीवर मित्रांसोबत केलेला सहा मिनिटांचा माहितीपट, आणि नाटकाच्या ग्रुपमधल्या मुलांनी केलेली एक मराठी शॉर्टफिल्म. जुनी रील त्याने यूट्यूबवरून उतरवलेल्या फाइलींमधून जोडली होती. दिवसाच्या शॉटमध्ये ते चटकन कळत नाही. संगीतच्या रात्रीचे शॉट लावले तेव्हा मागच्या काळोखात चौकोनी ठिपके हलताना दिसले. एकदा दाबलेली फाइल पुन्हा दाबली की सर्वांत आधी काळोख, धूर आणि पाणी फुटतं. गोव्यातल्या फुटेजमध्ये या तिन्ही गोष्टींना तोटा नसतो.

म्हणून शक्य तिथे जुना प्रोजेक्ट उघडून मूळ क्लिप पुन्हा जोडाव्यात. अकरापैकी सात प्रोजेक्ट उघडले. तीन फिल्मचं कॅमेरा फुटेज पुसलं गेलं होतं, पण क्लायंटला दिलेली मोठी फाइल डिस्कवर शिल्लक होती. अशी फाइल चालते. दाविंची रिझॉल्वमध्ये Scene Cut Detection वापरलं की ती एकसंध फाइल कटांच्या जागी आपोआप तुटते. डिझॉल्व्हच्या जागी ते चुकतं, तेवढं हाताने नीट करायचं. अकराव्या फिल्मची फक्त यूट्यूबची प्रत उरली होती. ती आम्ही सोडून दिली, त्यात त्याचा आवडता शॉट होता तरीसुद्धा.

शॉट निवडू नका, सांधे निवडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एरवी आपण टाइमलाइनवर चांगले शॉट एकामागोमाग टाकत जातो. त्याऐवजी मी त्याला सांगितलं, तू केलेल्या फिल्म जशा आहेत तशा लाव आणि जिथे कट बरोबर बसलाय असं वाटतं तिथे मार्कर टाक. मग त्या कटाच्या दोन्ही बाजूंचे शॉट, मूळ आवाजासकट, एकत्र उचल. असा प्रत्येक तुकडा तीन ते आठ सेकंदांचा. आणि मार्करमध्ये एक वाक्य लिही: मी इथे काय केलं.

पहिल्या फेरीत एकशेचाळीस तुकडे निघाले. वाक्य लिहायला बसल्यावर निम्म्याहून जास्त गळाले, कारण "शॉट भारी आहे" यापलीकडे लिहायला काही सापडेना. ड्रोनचे जवळजवळ सगळे त्यातच गेले. शेवटी एकोणीस उरले. त्यातले दोन जवळून दाखवते.

पहिला फेरीबोटीचा. जुन्या कटात असं होतं: खलाशी दोर सोडतो, मग बोटीचा रॅम्प वर येताना दिसतो आणि साखळीचा खणखणाट ऐकू येतो. बरोबर आहे, पण नुसती माहिती. नव्या कटात साखळीचा आवाज बारा फ्रेम आधी सुरू केला, म्हणजे पंचवीस फ्रेमच्या टाइमलाइनवर जेमतेम अर्धा सेकंद. पडद्यावर अजून खलाशाचे हात आणि ओला दोर आहे आणि साखळी वाजायला लागते, तो मान वळवतो, आणि मान वळत असतानाच कट होऊन रॅम्प दिसतो. आता तो आवाज माणसाने ऐकला आणि त्याच्या नजरेमागून आपणही गेलो असं वाटतं. आवाज चित्राच्या आधी आणणाऱ्या या कटाला जे-कट म्हणतात, हे नाव एडिटरांना माहीत असतंच. तो वापरायचा कारण मिळालं म्हणून. इथे वळणारी मान हे कारण होतं.

दुसरा लग्नातला. मंगलाष्टकं संपत आली आहेत, 'सावधान' झालं की अंतरपाट पडणार. जुन्या फिल्ममध्ये अंतरपाट पडताना स्लो मोशन, वरून अक्षता आणि खाली गाण्याचा चढता सूर होता. फुटेज चाळताना त्याला नवरीच्या आईचा एक शॉट सापडला. मुठीत अक्षता घट्ट धरून ती उभी आहे. सगळे टाकतात, तिची मूठ उघडत नाही. आम्ही भटजींचा आवाज तसाच चालू ठेवला आणि चित्र त्या मुठीवर अठरा फ्रेम जास्त धरलं. अंतरपाट पडल्याचं फक्त ऐकू येतं, वाजंत्री सुरू होते, आणि मग तिची मूठ सुटते. नवरानवरी त्यानंतर. हा सहा सेकंदांचा तुकडा बघून कोणीही विचारील की हा शॉट इथे ठेवायचं कोणाला सुचलं. रीलने असाच प्रश्न उभा करायला हवा.

बांधणी: बहात्तर सेकंद, आणि दोन सलग प्रसंग

लांबीबद्दल माझं मत ठाम आहे. नोकरीसाठीची रील साठ ते नव्वद सेकंदांत संपावी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एडिटरने नुसती रील पाठवूच नये. तुकड्यांच्या माळेत एक गोष्ट कधीच दिसत नाही, ती म्हणजे एकच प्रसंग मिनिटभर पेलता येतो की नाही. म्हणून रीलसोबत एक-दीड मिनिटाचे दोन सलग प्रसंग वेगळ्या लिंकवर द्यावेत. निवडीला बसल्यावर मी स्वतः रील बघून माणूस बाजूला काढते आणि प्रसंग बघून ठरवते.

त्याची रील बहात्तर सेकंदांची झाली. सुरुवातीला काळ्या पडद्यावर दोन सेकंद नाव, खाली 'एडिटर', बस्स. फिरणारा लोगो काढून टाकला, त्यात सहा सेकंद जात होते. लगेच फेरीबोटीचा तुकडा, कारण सर्वांत भरवशाचं काम पहिल्या दहा सेकंदांत आलं पाहिजे. बघणाऱ्यापुढे पंधरावीस रीली असतात आणि कंटाळा आला की हात आपोआप पुढच्या लिंकवर जातो. त्यानंतर रिसॉर्टच्या जाहिरातीतले वेगवान बारा सेकंद, मग शॉर्टफिल्ममधलं एक बोललेलं वाक्य आणि त्यावर ऐकणाऱ्याचा चेहरा. वेगानंतर शांतता आली की दोन्ही नीट जाणवतात. मधल्या भागात माहितीपटातली मुलाखत आणि शिगम्यातलं रोंबाट. अक्षतांची मूठ एकोणपन्नासाव्या सेकंदाला. शेवटी नाव आणि फोन नंबर तीन सेकंद.

आठ लग्नांपैकी रीलमध्ये फक्त दोन आली. त्याला हे जड गेलं. चार वर्षांचं काम, पण स्टुडिओला तो लग्नाचा एडिटर म्हणून नको होता.

आता सलग प्रसंग. त्यातला एक म्हणून शॉर्टफिल्ममधलं दोन भावांचं भांडण घेतलं, वडिलांच्या कुळागराच्या वाटणीवरून झालेलं. मूळ कटात जो बोलतो त्याचा चेहरा, मग दुसरा बोलतो त्याचा चेहरा. चेंडू इकडे तिकडे जावा तसं. नवे एडिटर संवाद असाच कापतात, आणि निवड करणाऱ्याला तो दुरून ओळखू येतो. आम्ही आवाज बंद करून प्रसंग तीनदा बघितला आणि ठरवलं की हे भांडण खरं धाकट्याचं आहे, तो कमी बोलतो तरी. मग थोरल्याची दोन लांब वाक्यं धाकट्याच्या चेहऱ्यावर टाकली. "तुला काय, तू मुंबयला बसून" हे वाक्य थोरल्याच्या तोंडून सुरू होतं आणि "मुंबयला" वर कट होऊन धाकट्यावर जातं, तो मान खाली घालतो तिथवर. त्याच्या उत्तराआधीची शांतता मूळच्या आठ फ्रेमवरून एक पूर्ण सेकंद केली. त्या सेकंदात सेटचा आवाज एकदम बंद पडत होता, म्हणून त्याच खोलीतला रिकामा आवाज, आम्ही ज्याला रूम टोन म्हणतो, खाली पसरला. नाहीतर शांततेत भोक पडल्यासारखं ऐकू येतं आणि कट उघडा पडतो. अभिनय तोच, फुटेज तेच, प्रसंग वेगळा झाला.

संवादाचा एकही प्रसंग हाताशी नसेल तर गोव्यात तो मिळवणं अवघड नाही. गावोगावी नाटकाचे ग्रुप आहेत. दोन कलाकार, एक खोली, दोन बाजूंनी शूट केलेलं तीन पानांचं दृश्य एका दुपारी होतं. फक्त कलाकारांना आधी सांगा की हे शोरीलसाठी आहे.

संगीत सर्वांत शेवटी

लग्नाच्या कामाची एक सवय मोडायला आम्हाला चार दिवस लागले. तो गाणं आधी टाकायचा आणि मग ठेक्यावर शॉट बसवायचा. असं केलं की कट कुठे येणार हे गाणं ठरवतं. म्हणून आम्ही सगळी रील फक्त मूळ आवाजावर जोडली, आणि ती उभी राहिल्यावर खाली संगीत आणलं. पारख करायची रीत सोपी आहे: संगीताचा ट्रॅक म्यूट करून रील बघा. एखादा कट अचानक अकारण वाटू लागला तर त्याला फक्त ठेक्याने धरलं होतं.

गाजलेलं गाणं घेऊ नका. हक्काचा प्रश्न आहेच; यूट्यूबवर दावा लागून आवाज बंद होऊ शकतो, तोही नेमका स्टुडिओतला माणूस लिंक उघडेल त्या दिवशी. आणि ओळखीचं गाणं ऐकताना माणूस गाणंच ऐकतो. आमच्या एडिटरने वेगळी वाट काढली. गावातल्या घुमट आरतीच्या पथकातल्या मित्रांना बसवून घुमट, शामेळ आणि कांसाळं यांचं चार मिनिटांचं वादन रेकॉर्ड केलं, त्यांची लेखी परवानगी घेतली, आणि त्यातला संथ भाग सुरुवातीला, चढता भाग शेवटाकडे वापरला. बोललेल्या वाक्याखाली वादन पूर्ण थांबतं. तेवढ्या शांततेमुळे ते वाक्य ऐकलं जातं.

वेग आणि रंग यांची सरमिसळ

निरनिराळ्या ठिकाणचं फुटेज एका टाइमलाइनवर आलं की दोन गोष्टी बिघडतात. पहिली फ्रेम रेट. आम्ही टाइमलाइन पंचवीसची ठेवली. पन्नासचं फुटेज त्यात नीट बसतं, एकाआड एक फ्रेम जाते किंवा निम्म्या वेगाने चालवता येतं. फोनवर तीसने घेतलेलं मात्र त्रास देतं. दर सेकंदाला पाच फ्रेम टाकाव्या लागतात आणि कॅमेरा आडवा फिरतो तिथे बारीक झटके दिसतात. रोंबाटाचा एक शॉट तसा होता. त्यात कोणी बोलत नव्हतं, म्हणून ती क्लिप पंचवीसचीच आहे असं सॉफ्टवेअरला सांगितलं. ती ८३ टक्के वेगाने चालली, झटके गेले, आणि ढोलाचा आवाज दुसऱ्या क्लिपमधून घेतला. बोलणाऱ्या माणसाच्या क्लिपवर हा उपाय चालत नाही.

दुसरी गोष्ट रंग. रीलसाठी सगळं एकाच छटेत रंगवायचा मोह होतो. करू नका. प्रत्येक फिल्मचा मूळ रंग राहू द्या, फक्त लागून येणाऱ्या दोन तुकड्यांमध्ये उजेडाची मोठी उडी नको. दुपारच्या समुद्रकिनाऱ्यावरून एकदम काळोख्या खोलीत गेलो की पहिला अर्धा सेकंद काहीच दिसत नाही आणि तेवढा कट वाया जातो. मॅकवर रिझॉल्व वापरणाऱ्यांनी एक तपासावं: एक्सपोर्ट क्विकटाइममध्ये फिकट दिसत असेल तर रंगात चूक नसते, फाइलवरच्या गॅमा टॅगचा प्रश्न असतो. एक्सपोर्ट करताना Gamma Tag मध्ये Rec.709-A निवडून पुन्हा काढा.

हे काम कोणाचं, हे स्पष्ट लिहा

गोव्याचं हे क्षेत्र लहान आहे. एका मोठ्या लग्नावर तीन-चार फ्रीलान्सर असतात आणि तोच ड्रोन शॉट मी एका दुपारी तीन वेगवेगळ्या रीलमध्ये बघितला आहे. तिघांपैकी कोणी खोटं बोलत होतं असं नाही, पण कोणीच लिहिलं नव्हतं की आपण काय केलं. म्हणून प्रत्येक तुकड्याखाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत फिल्मचा प्रकार आणि आपलं काम लिहा: 'माहितीपट, एडिट आणि साउंड', 'जाहिरात, फक्त एडिट'. रंग दुसऱ्याने केला असेल तर तसं. असिस्ट केलेल्या कामातला कट स्वतःचा म्हणून दाखवू नका. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते कळतं.

परवानगीचं म्हणाल तर बहुतेकांचा समज उलटा असतो. 'मी शूट केलं, मी एडिट केलं, म्हणजे फिल्म माझी.' भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे कोणी मोबदला देऊन फिल्म करवून घेतली असेल, आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क करवून घेणाऱ्याचा. लग्नाची फिल्म त्या कुटुंबाची. नोकरीत केलेलं काम, वेगळा करार नसेल तर, मालकाचं. शिवाय लग्नाच्या फिल्ममध्ये लोकांच्या घरच्या बायका-मुलं असतात, हे कायद्याच्या पलीकडचं कारण. याने दोन्ही कुटुंबांना तो तुकडाच व्हॉट्सअॅपवर पाठवून विचारलं. मुठीचा शॉट त्या आईने स्वतः बघून होकार दिला. रिसॉर्टची जाहिरात प्रसिद्ध झालेली होती तरी त्यांना मेल केला आणि उत्तर जपून ठेवलं. अजून प्रसिद्ध न झालेलं काम रीलमध्ये घालूच नका. क्लायंटचं गुपित फोडणारा माणूस कोणताही स्टुडिओ घेत नाही.

कॅमेरामन असाल तर

बरंचसं हेच लागू पडतं, पण कट उलटा विचार करून करायचा. शॉट चार-पाच सेकंद धरा, कारण फ्रेम आणि उजेड डोळ्यांत उतरायला वेळ लागतो. झटपट कापलेल्या रीलमध्ये कॅमेराकाम लपतं. एकाच प्रसंगाचा लांबचा आणि जवळचा शॉट लागोपाठ ठेवा. दोन्हीकडे उजेड जुळतोय हे दिसलं की प्रकाशयोजना येते हे सिद्ध होतं. शिंपल्यांच्या खिडक्यांच्या जुन्या घरात खिडकीचा उजेड आणि माणसाचा चेहरा दोन्ही सांभाळलेला एक शॉट दहा सूर्यास्तांपेक्षा जास्त सांगतो. ड्रोनचा शॉट स्वतः उडवलेला असेल तरच ठेवा, आणि त्या जागेची परवानगी होती का या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा. दाबोळीचा विमानतळ नौदलाच्या तळावर आहे, त्यामुळे गोव्यात हा प्रश्न येतोच.

फाइल, आवाज, लिंक

एक्सपोर्ट १९२० बाय १०८०, एच.२६४, साधारण २० मेगाबिट प्रतिसेकंद. बहात्तर सेकंदांची फाइल १८० एमबीच्या आसपास होते. आवाजाची पातळी -१४ LUFS च्या जवळ आणि शिखर -१ dBTP च्या खाली ठेवा. यूट्यूब यापेक्षा मोठा आवाज खाली आणतं, लहान आवाज मात्र वाढवून देत नाही. म्हणून हळू आवाजाची रील तिथे हळूच राहते. तयार फाइल ffmpeg या मोफत साधनाने, कमांड लाइनवर, अशी तपासता येते:

```
ffmpeg -i reel.mp4 -af ebur128=peak=true -f null -
```

शेवटी येणाऱ्या सारांशात I म्हणजे एकूण पातळी आणि Peak म्हणजे शिखर. त्याची पहिली फाइल -२१ वर होती, कारण बोललेलं वाक्य जपायला त्याने सगळंच खाली ओढलं होतं. आम्ही वादन तसंच ठेवून मुलाखतीचा आणि संवादाचा आवाज वर आणला, मग एकूण पातळी वाढवली.

लिंकसाठी यूट्यूबवर 'अनलिस्टेड' पुरतं. तिथे अपलोड केलेली फाइल बदलता येत नाही, नवी टाकली की लिंकही नवी होते. म्हणून अर्ज पाठवण्याच्या आदल्या दिवशी अपलोड करा, पूर्ण १०८० तयार होईपर्यंत थांबा, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा. ड्राइव्हची लिंक देणार असाल तर ब्राउझरच्या खासगी विंडोत, लॉगिन न करता उघडून पाहा. 'परवानगी मागा' असा पडदा दिसणाऱ्या लिंका दर वेळी दोन-तीन तरी येतात, आणि त्या परवानगीची वाट बघायला कोणाकडे वेळ नसतो.

शेवटची तपासणी फोनवर करा, एकदा आवाजासह आणि एकदा आवाज बंद ठेवून. कोपऱ्यातली अक्षरं फोनवर वाचता येतात का तेही तेव्हाच कळतं. आणि या क्षेत्राबाहेरच्या एका माणसाला दाखवा. आमच्या एडिटरने आपल्या मावशीला दाखवली. तिने एकच विचारलं: "तो मुलगा मान खाली का घालतो? काय केलं त्याने?" आम्हाला तेवढं पुरे होतं.

मेल

मेलमध्ये मोठं पत्र नको. आम्ही पाच ओळी लिहिल्या. कोणत्या जागेसाठी अर्ज, रीलची लिंक, दोन प्रसंगांच्या लिंका आणि प्रत्येकापुढे अर्धं वाक्य: 'संवादाचा प्रसंग, ८४ सेकंद, एडिट आणि साउंड माझं'. खाली कोणतं सॉफ्टवेअर येतं आणि कधीपासून येऊ शकतो. सीव्ही एका पानाचा, पीडीएफमध्ये.

मेल गेल्यावर प्रोजेक्ट मिटवू नका. रीलचा आणि दोन्ही प्रसंगांचा प्रोजेक्ट, फुटेजसह, एका डिस्कवर काढून ठेवा; रिझॉल्वमध्ये Export Project Archive ने सगळं एकत्र निघतं. त्याला मुलाखतीला बोलावलं तेव्हा तिथल्या मुख्य एडिटरने भांडणाचा प्रसंग लावला, थोरल्याच्या वाक्यावर थांबवला आणि विचारलं, "हे त्याच्यावर का नाही ठेवलं?" त्याने डिस्क जोडली, टाइमलाइन उघडली, जुना कट आणि नवा कट शेजारी लावले, आणि सांगायला लागला.